मलेशिया एवढा पुढे गेला होता, मग मधेच अडकला कसा? मिडल इनकम ट्रॅप म्हणतात तो हाच का?

हो, हाच, म्हणजे देश गरिबीतून वर येतो पण श्रीमंत देशांपर्यंत न पोचता मधल्या उत्पन्नावरच अडकतो. १९७२ ला इंटेलने पेनांगमध्ये चिप असेंब्लीचा कारखाना टाकला, मागोमाग बाकीच्या कंपन्या आल्या, पगार वाढले, पण काम बरंचसं तेच राहिलं, म्हणजे बाहेर बनलेली चिप आणायची, पॅकेजिंग-टेस्टिंग करायचं आणि परत पाठवायची. डिझाइन बाहेरच्यांचं, त्यामुळे मोठा नफाही तिकडेच. आता स्वस्त कामाला व्हिएतनाम आहे, आणि चांगले इंजिनियर शेजारी सिंगापूरला जातात, पगार जास्त ना तिथे. त्यात बऱ्याच कारखानदारांनी ऑटोमेशन करण्यापेक्षा नेपाळ-बांगलादेशातून कामगार आणले, मला तर हेच सगळ्यात महागात पडलं असं वाटतं. कोरियाचं बघा, सॅमसंगने मायक्रॉन या अमेरिकन कंपनीकडून टेक्नॉलॉजी विकत घेऊन का होईना, १९८३ मध्येच स्वतःची मेमरी चिप बनवली.