वेडिंग डेप्थ नुसती ब्रोशरमध्ये नको, बॉनेटखालीही बघ

सिंहगड रोडला राहतोस, म्हणजे नवी गाडी साचलेल्या पाण्यातून किती खोलपर्यंत नेता येईल, हा प्रश्न पडणारच. सेल्समन ग्राउंड क्लिअरन्स सांगून वेळ मारून नेतो; त्याचा इथे काही संबंध नाही. वेडिंग डेप्थचा, म्हणजे गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते याचा आकडा लेखी माग. मिळाला तरी तो संथ पाण्यात, हळू चालवण्यापुरताच असतो.

मग शोरूममध्ये बॉनेट उघडायला लाव. एअर फिल्टरच्या डब्यात बाहेरची हवा आणणारा पाइप हाताने चाचपत, हवा आत ओढणाऱ्या तोंडापर्यंत जा. बहुतेक गाड्यांत ते ग्रिलमागे वर असतं, काहींत मडगार्डच्या आत खाली वळवलेलं. तोंडाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लाव.

समज, तोंड ६५० मिमीवर आहे आणि कंपनी ४०० म्हणते. मग मर्यादा ४०० हीच. मधले २५० मिमी तुझे नाहीत, लाटेचे आहेत: समोरून पीएमपीची बस आली की बंपरवर पाणी सहज वीतभर चढतं. टायर ६२० मिमी उंच असेल तर ४०० म्हणजे चाकाच्या मध्यापेक्षा जेमतेम चार-पाच बोटं वर. ही खूण लक्षात ठेव.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सरळ टो करून ने.