आच दिसली पाहिजे

«आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. महिन्याभरात दोनदा गॅस चालूच राहिला. मी इंडक्शन आणलं, तर ती त्याला हात लावत नाही आणि त्यावरून आमचं रोज वाजतं. गॅस सरळ काढून टाकू का? की हा विसराळूपणा समजून आधी डॉक्टरांकडे नेऊ?»

काढायची घाई करू नका. आधी मला एक सांगा: दोन्ही वेळा भांडं शेगडीवर होतं, की उतरवलेलं होतं?

हा प्रश्न मला एका आजी-नातीने शिकवला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. दोघी माझ्याकडे आल्या त्याच मुळी भांडत. नात म्हणत होती, "आजी, तू गॅस विसरतेस आणि वर मलाच ओरडतेस." आजींचं म्हणणं एकच, "मला आच दिसली पाहिजे. त्या काळ्या काचेवर काय चाललंय ते देवालाच ठाऊक." पहिल्या भेटीत मी मनातून नातीच्या बाजूला झुकले होते. वय झालंय, विसर पडतोय, हट्टही आहे, असं माझंही मन धरून बसलं होतं. स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी घेतली, तर आजी तीत छान पास झाल्या. माझीच पंचाईत झाली.

मग घडलेलं सगळं बारकाईने विचारलं. दोन्ही वेळा दूध तापवून झालं होतं, भांडं उतरवून ओट्यावर ठेवलं होतं, झाकणही घातलं होतं. शेगडी मात्र मंद आचेवर तशीच जळत होती. मी थांबले ती इथे. विसरणारा माणूस बहुधा भांडंच विसरतो, ते आटतं, करपतं, वास सुटतो. इथे काम नीट पूर्ण झालं होतं, फक्त शेवटची खूण चुकली होती.

आजींना बटण फिरवून दाखवायला सांगितलं. त्यांच्या शेगडीचं बटण, बऱ्याच शेगड्यांचं असतं तसं, बंदवरून फिरवलं की आधी मोठी आच येते आणि आणखी पुढे नेलं की मंद. बंद करायचं तर उलट मागे यावं लागतं. आजींचा हात "शेवटपर्यंत फिरवलं म्हणजे बंद" या हिशोबाने पुढेच जात होता. तरुण माणसाची अशी चूक क्षणात सुधारते, कारण ज्योत दिसते. आजींना ती दिसत नव्हती.

नातीला घरी एक प्रयोग करायला सांगितला. सकाळची वेळ, खिडकीतून उजेड येत असताना, शेगडी कधी मंदवर ठेवायची, कधी बंद, आणि आजींना नेहमीच्या जागेवरून विचारायचं, "चालू की बंद?" नात पूर्ण वेळ शेजारी उभी. सहापैकी तीनदा आजी चुकल्या. संध्याकाळी अंधार पडल्यावर हाच खेळ केला, तेव्हा एकदाही नाही.

याला कारण आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, आणि पिवळं भिंग निळा उजेड अडवतं. मोतीबिंदू असेल तर आणखीच. गॅसची चांगली ज्योत असते निळी, मंद केल्यावर इवलीशी, आणि मागून ऊन आलं तर तरण्या डोळ्यांनाही चकवणारी. "मला आच दिसली पाहिजे" म्हणणाऱ्या आजींना नेमकी तीच दिसत नव्हती, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

हे ऐकून नात खुलली. "म्हणजे इंडक्शनच बरं ना!" या चुकीपुरतं बरं, हे खरंच. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज वेगाने उलटसुलट वाहते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचा बूडच तापतो. भांडं उचललं की तापायला काही उरत नाही, यंत्राला ते कळतं आणि थोड्या वेळात ते आपसूक बंद होतं. मात्र पाण्याचं भांडं वर ठेवून माणूस निघून गेला, तर टायमर लावल्याशिवाय इंडक्शनही बराच वेळ तसंच चालू राहील. म्हणून तुमचं उत्तर भांड्याच्या प्रश्नावर अडलेलं आहे.

आता आजींची बाजू, कारण ती नातीने कधी पुरती ऐकलीच नव्हती. आजींची तक्रार होती की इंडक्शनवर दूध "धक्के खातं". नातीला हे खुसपट वाटायचं. मी दोघींना इंडक्शन सर्वात कमी पातळीवर ठेवून दुधाकडे नुसतं बघत बसायला सांगितलं. काही सेकंद कडेला जोरात बुडबुडे, मग शांत, मग पुन्हा बुडबुडे. पुष्कळशी साधी यंत्रं मंद आच देतच नाहीत, ती पूर्ण जोर देऊन थांबतात, पुन्हा देतात. पातळ बुडाच्या भांड्यात ते धक्के सरळ दुधाला बसतात. जाड, सपाट बुडाचं भांडं घेतलं तेव्हा दूध बरंच शांत झालं. आजींची आवडती भांडी ॲल्युमिनियमची, त्यांच्या बुडाला लोहचुंबक चिकटेना, म्हणून यंत्र ती घेईचना. नुसता टीं-टीं आवाज.

दुसरी तक्रार मला सर्वात आवडली. "या पंख्याच्या घरघरीत मला दुधाचा आवाज ऐकू येत नाही." आजी दूध वर येताना कानाने ओळखत आल्या होत्या. इतकी वर्षं त्यांचं अर्धं काम डोळ्यांनी नाही, कानांनी चाललं होतं. शिवाय स्पर्शाची बटणं त्यांच्या कोरड्या बोटाला दाद देत नव्हती, आणि तीन-चारदा दाबूनही काही झालं नाही की समोर नात "अगं आजी, सोपं तर आहे" म्हणायची. त्या वाक्याने जेवढं बिनसलं तेवढं यंत्राने नसेल.

वाटणी अशी झाली. पाणी आणि दूध इंडक्शनवर, जाड बुडाच्या भांड्यात, टायमर लावून, बाकी सगळं गॅसवर. शेगडीच्या बटणावर बंदच्या जागी जाड लाल पट्टी चिकटवली, म्हणजे ज्योतीऐवजी पट्टी बघायची. काम संपलं की गॅसचा मुख्य नळ बंद, हे नातीकडे. आजींना पेसमेकर नव्हता. असता तर इंडक्शनपासून साधारण 60 सेंटीमीटर अंतर ठेवायला आणि आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं असतं.

तेव्हा तुम्ही भांडं उतरवलेलं होतं म्हणालात, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. भांडं आटून करपलं असेल, किंवा गॅसखेरीज औषधं, तारखा, ओळखीचे रस्ते यांतही गोंधळ होत असेल, तर स्मरणशक्तीची तपासणी लांबवू नका, आणि तोवर आजींना शेगडीजवळ एकटं सोडू नका.

त्या आजींना मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या स्वतःहून भेटायला आल्या. घरी गेल्यावर पहिल्यांदा शेगडी पेटवली, म्हणाल्या, आणि नातीला हाक मारली: "अगं, ही एवढी निळी असते होय?" इंडक्शनच्या पंख्यावरून मात्र दोघींचं अजून वाजतं.