कांदा चाळीचा कंट्रोलर: पेटंटचा कम्प्लीट अर्ज भरण्याआधी क्लेम कसे वाचावेत

प्रश्न: कांदा चाळीतला पंखा आपोआप चालवणारा कंट्रोलर बनवलाय. आतल्या आणि बाहेरच्या हवेत बाष्प किती आहे ते काढून तो ठरवतो. पेटंटचा तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, भरून 9 महिने झाले. एजंटने पाठवलेला क्लेम 1, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणारं पहिलं वाक्य, मराठीत सांगायचा तर असा: ‘कांदा साठवण यंत्रणा, जिच्यात पंखा, किमान एक सेन्सर आणि सदर आर्द्रता योग्य पातळीला आल्यावर पंखा सुरू करणारा कंट्रोलर आहे.’ सही करण्याआधी काय बघू?

उत्तर:

मी पेटंट एजंट म्हणून काम करतो, त्यामुळे आधी आमच्या धंद्यातला सर्वांत कडक नियम सांगतो. पेटंट कायद्याच्या कलम 59 नुसार क्लेममध्ये नंतर दुरुस्ती करता येते, पण दुरुस्त क्लेम आधीच्या एखाद्या क्लेमच्या कक्षेतच बसला पाहिजे. म्हणजे आज रुंद लिहिलेला क्लेम उद्या अरुंद करता येईल, अरुंद लिहिलेला रुंद करता येणार नाही. आणि अरुंद करतानाही तुम्ही ज्या मुद्द्यावर याल तो स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, आधीपासून असावा लागतो.

आता तुमचा क्लेम. तो रुंद आहे, पण चुकीच्या जागी. पंखा, सेन्सर आणि कंट्रोलर एवढ्याने साधा ह्युमिडिस्टॅट, म्हणजे फक्त सापेक्ष आर्द्रता बघून पंखा चालू-बंद करणारं उपकरण, लावलेलं कुठलंही गोदाम त्यात बसतं. परीक्षक पहिल्याच अहवालात ‘यात नवीन काय?’ असं विचारेल. तुमच्या यंत्राचं वेगळेपण आकड्यांतून बघा. रात्री बाहेर 20 अंश आणि 90 टक्के सापेक्ष आर्द्रता आहे, चाळीत 28 अंश आणि 70 टक्के. साधा ह्युमिडिस्टॅट 90 बघून पंखा बंद ठेवील. पण बाहेरच्या एक घनमीटर हवेत बाष्प आहे साधारण 15.5 ग्रॅम, आणि आत 19. ती हवा आत येऊन 28 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 56 टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे कांदा वाळवायला ती चांगली. तुमचा शोध या तुलनेत आहे, आणि क्लेम 1 मध्ये नेमकी तीच नाही.

मी तो साधारण असा लिहीन: चाळीच्या आत आणि बाहेर तापमान व सापेक्ष आर्द्रता मोजणारे सेन्सर, त्यावरून दोन्हीकडच्या हवेतलं बाष्पाचं प्रमाण काढणारा, आणि बाहेरचं प्रमाण आतल्यापेक्षा पूर्वनिश्चित फरकाने कमी असतानाच पंखा सुरू करणारा कंट्रोलर. पंख्याचा आकार, बोर्डाचं नाव, किती व्होल्ट, यातलं काहीही इथे नको. नाहीतर शेजारचा कारखानदार वेगळा पंखा लावून मोकळा होईल.

स्पष्टतेचे दोष तुमच्या क्लेममध्ये दोन आहेत. ‘सदर आर्द्रता’ म्हटलंय, पण आर्द्रतेचा उल्लेख त्याआधी कुठेच नाही; सेन्सर तापमानाचाही असू शकतो. आणि ‘योग्य पातळी’ कोणाच्या मते? माझा ‘पूर्वनिश्चित फरक’सुद्धा हवेतच लोंबकळेल, जर तो कसा ठरवायचा हे वर्णनात नसेल तर. तिथे तुमच्या चाचण्यांतून निघालेली खरी मर्यादा लिहा: किमान किती ग्रॅम, जास्तीत जास्त किती, आणि तुम्हाला सर्वांत चांगला वाटलेला आकडा. यातलीच एक मर्यादा उपक्लेममध्ये, म्हणजे मुख्य क्लेमवर आधारलेल्या अरुंद क्लेममध्ये, घाला. उद्या मुख्य क्लेमवर आक्षेप आला तर मागे सरकायला तेवढी जागा राहते.

आधार तपासायची माझी रीत कंटाळवाणी आहे. क्लेमची छापील प्रत घेऊन प्रत्येक घटकाखाली रेघ मारायची आणि बाजूला वर्णनातल्या परिच्छेदाचा क्रमांक लिहायचा. क्रमांक सापडला नाही तर वर्णन वाढवायचं, नाहीतर घटक काढायचा. ‘कांदा’ऐवजी ‘शेतमाल’ करायचा मोह होईल. करा, पण मग लसूण किंवा बटाट्यासाठी काय बदलतं हे वर्णनात यायला हवं. उलट, स्वतःचा उत्तम सेन्सर किंवा हिशोबाची पद्धत गुपित म्हणून लपवू नका. कलम 10 तुमच्याकडची सर्वोत्तम पद्धत मागतं, आणि ती न सांगणं हे पेटंट रद्द होण्याचं कारण ठरतं.

शेवटी प्रोव्हिजनलची प्रत शेजारी ठेवून हीच रीत पुन्हा करा. शोध कधीपासूनचा धरायचा ती तारीख प्रत्येक क्लेमला स्वतंत्रपणे मिळते. प्रोव्हिजनलमध्ये फक्त ‘आर्द्रता मोजून पंखा चालवणे’ लिहिलं असेल आणि बाष्पाची तुलना नंतर सुचली असेल, तर त्या क्लेमला कम्प्लीटची तारीख लागेल. मधल्या काळात तुम्ही यंत्र विकलं असेल तर ती विक्री तुमच्याच विरोधात उभी राहू शकते. अजून कुणाला दाखवलं-विकलं नसेल, तर बाष्पाच्या तुलनेवर याच आठवड्यात दुसरी प्रोव्हिजनल भरा. दोन्ही जोडून एकच कम्प्लीट भरता येते, मात्र 12 महिने पहिल्या प्रोव्हिजनलपासूनच मोजले जातात.