यील्डच्या फरकातून निघणारी बुडण्याची शक्यता एवढी मोठी का दिसते?

प्रश्न: एका खाजगी कंपनीच्या डबल ए रोख्याला १ वर्ष उरलंय, व्याज वार्षिक, यील्ड ९.५०%. तेवढ्याच मुदतीच्या जी-सेकचं, म्हणजे सरकारी रोख्याचं, यील्ड ७.००%. रिकव्हरी, म्हणजे कंपनी बुडाल्यास परत मिळणारा हिस्सा, ४०% धरली आणि २.५० ला ०.६० ने भागलं तर ४.१७% शक्यता येते. पतमानांकन संस्थांच्या तक्त्यांत डबल ए कंपन्या वर्षभरात बुडण्याचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली असतं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर: आधी दोन्ही यील्ड एकाच मापात आणा. जी-सेकचं यील्ड सहामाही चक्रवाढीने सांगतात, तुमच्या रोख्याचं वार्षिक. सहामाही ७.००% म्हणजे वर्षाला ७.१२%. खरा फरक २.३८ आहे, २.५० नाही. उरलेले १२ बेसिस पॉइंट नुसत्या मोजण्याच्या पद्धतीतून आले, कंपनीच्या पतीशी त्यांचा संबंध नाही.

आता सूत्र बाजूला ठेवून रुपयांत बघू. आज १०० रुपये गुंतवलेत. कंपनी टिकली तर वर्षाने १०९.५० मिळतील. बुडाली तर देय रकमेच्या ४०%, म्हणजे ४३.८०. तेच १०० सरकारी रोख्यात ठेवले तर १०७.१२ नक्की. रिस्क-न्यूट्रल शक्यता म्हणजे असा आकडा, जो धरला की कंपनीच्या रोख्याची सरासरी प्राप्तीही बरोबर १०७.१२ येते. बुडाल्यास ६५.७० जातात आणि सरासरीत २.३८ कमी व्हायला हवेत. २.३८ भागिले ६५.७० म्हणजे ३.६२%. तुमच्या भागाकारात नुकसान १०० वर मोजलं गेलं, प्रत्यक्षात ते १०९.५० वर होतं. यील्ड कमी असताना हे चालून जातं, साडेनऊला जाणवतं.

तरीही ३.६२ मोठाच आहे. त्यातला एक भाग बुडण्याचा नाहीच. जी-सेक बँकांना एसएलआरसाठी, म्हणजे ठेवींचा ठरावीक हिस्सा सुरक्षित मालमत्तेत ठेवण्याच्या नियमासाठी, लागतात, रेपोत तारण म्हणून चालतात आणि केव्हाही विकता येतात. या सोयींसाठी लोक कमी यील्ड पत्करतात. कंपन्यांचे बरेच रोखे मात्र कित्येक दिवस हलत नाहीत. म्हणून मी तुलनेला जी-सेकऐवजी त्याच मुदतीचा सरकारी कंपनीचा ट्रिपल ए रोखा घेतो. समजा त्याचं वार्षिक यील्ड ७.६०% आहे. मग भरून काढायचे उरले १.९० रुपये आणि शक्यता येते २.८९%. हेही नितळ उत्तर नाही, कारण तुमचा डबल ए रोखा त्या ट्रिपल एपेक्षाही विकायला अवघड असणार. पण जी-सेकपेक्षा हा पाया खूप बरा.

रिकव्हरीबद्दल विशेष सावध राहा. ७.१२ चाच पाया ठेवून रिकव्हरी ६०% धरली तर शक्यता ५.४३% होते, २५% धरली तर २.८९%. वसुली जास्त धरली की शक्यता वाढते, हे पाहून बरेच जण सूत्रावरच शंका घेतात. पण बाजार आपल्याला फक्त गुणाकार दाखवतो: शक्यता गुणिले नुकसान. एक घटक लहान केला की दुसरा मोठा होणारच. रोखा तारणी आहे की बिनतारणी हे माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय ४०% धरू नका. उत्तर सांगताना धरलेली रिकव्हरीही सोबत सांगा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

एवढं करूनही हा आकडा तक्त्यातल्या प्रमाणाच्या वर राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. कंपन्या सुट्या सुट्या बुडत नाहीत. मंदीत, पैसा आटलेला असताना एकदम अनेक अडचणीत येतात, आणि नेमकं तेव्हाच गुंतवणूकदाराचे शेअर पडलेले असतात, नोकरीही डळमळीत असते. अशा वेळी होणाऱ्या नुकसानीसाठी तो सरासरी नुकसानीपेक्षा जादा मोबदला मागतो. रिस्क-न्यूट्रल गणितात तो मोबदला वेगळा दाखवायला जागा नाही, म्हणून सगळा शक्यतेत मिसळतो. तक्ता सांगतो की आजवर किती बुडाल्या. तुमचा आकडा सांगतो की ती जोखीम घ्यायला बाजार किती मागतो.

त्यामुळे त्याच कंपनीचा दुसरा रोखा किंवा तिने दिलेली हमी किती किमतीची, हे ठरवताना ट्रिपल एच्या पायावरून आलेले २.८९ वापरा. ताळेबंदात इंड एएस १०९ खाली अपेक्षित पतनुकसानाची तरतूद करायची असेल, तर तिथे प्रत्यक्ष बुडण्याची शक्यता लागते. हा आकडा तिथे घातलात तर तरतूद विनाकारण फुगेल.

शेवटचं: ते ९.५०% आलं कुठून ते तपासा. एक्सचेंजच्या नोंदींत अलीकडचा, बऱ्यापैकी रकमेचा सौदा दिसला तर ठीक. बरेच दिवस सौदाच नसेल, तर ते यील्ड बहुधा मानांकन आणि मुदत पाहून तक्त्यावरून बसवलेलं असतं. मग त्यातून या कंपनीबद्दल काहीच कळत नाही, डबल ए गटाचं सरासरी मत तेवढं परत हाती येतं. रोख्याला पुट किंवा कॉल, म्हणजे मुदतीआधी पैसे परत मागण्याचा किंवा फेडण्याचा हक्क, आहे का तेही बघा, कारण त्या हक्काची किंमतही यील्डमध्येच दडलेली असते.