बाळाला मध का चाटवू नये, आणि हर्बल ग्राइप वॉटरच्या बाटलीत असतं काय?

«आम्ही नाशिकरोडला राहतो. मुलगी नऊ आठवड्यांची आहे. सासूबाईंनी सुरगाण्याकडून अस्सल रानमध मागवलाय, गुटी त्यात कालवून द्यायची म्हणतात. परवा दोनदा चाटवलासुद्धा. डॉक्टर 'मध नको' म्हणाले, पण का ते सांगितलं नाही. त्याऐवजी हर्बल ग्राइप वॉटर दिलं तर चालेल का? त्यात नेमकं काय असतं?»

मध आजपासून बंद करा. दोनदा चाटवला म्हणून उलटी करवायला किंवा रातोरात दवाखाना गाठायला नको. फक्त पुढचा महिनाभर काही गोष्टींवर लक्ष ठेवायचं. त्या खाली सांगते.

मी सिडकोत पंधरा वर्षं मेडिकल चालवते. काउंटरच्या पलीकडे एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला सून आणि मध्ये मी, असा प्रसंग महिन्यातून दोनदा तरी येतो. आजींचा पहिला मुद्दा ठरलेला: "आमचा मध शुद्ध आहे." असेलही. पेठ-सुरगाण्याकडचा मध मीही घरी आणते. पण इथे भेसळीचा प्रश्नच नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जिवाणू मातीत राहतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती जाड कवच करून घेतो आणि बीजाणू होऊन पडून राहतो, वर्षानुवर्षं. धुळीबरोबर तो फुलावर येतो, मधमाशीच्या अंगाला लागतो, पोळ्यात जातो, तिथून मधात. मधात पाणी फार कमी, साधारण १७ ते २० टक्के, आणि मध आंबटही असतो, त्यामुळे तिथे तो वाढत नाही. पण मरतही नाही. मध नासत नाही याचं जे कारण, त्याच कारणाने हा बीजाणूही त्यात गप्प पडून असतो. प्रत्येक बरणीत तो असतोच असं नाही. पण आहे की नाही हे वासावरून, रंगावरून किंवा पाण्यात थेंब टाकून कळत नाही.

"मग उकळून देऊ" हा दुसरा मुद्दा. उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना हे बीजाणू दाद देत नाहीत. डबाबंद अन्नाचे कारखाने ते मारायला दाबाखालची वाफ वापरतात, १२१ अंशांवर सुमारे ३ मिनिटं. आणि मध तापवू नये असं तर आयुर्वेदच सांगतो. सासूबाईंशी बोलताना हे वाक्य वापरा, माझ्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता खरा प्रश्न: तोच मध आपण रोज खातो, मग आपल्याला काही का होत नाही? मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासूनच जिवाणूंची गच्च वस्ती असते. बाहेरून आलेल्या बीजाणूला रुजायला जागाच मिळत नाही, तो शौचावाटे निघून जातो. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसायची असते. शिवाय तिथे हवा नसते, ऊब असते, म्हणजे या जिवाणूला हवं तेच. बीजाणू उघडतो, जिवाणू वाढतो आणि आतड्यातच विष तयार करायला लागतो. ते विष रक्तातून नसांच्या टोकांपर्यंत जातं. नस स्नायूला जो रासायनिक निरोप देते तो तिथेच अडवला जातो. स्नायू चांगला, नस चांगली, पण निरोप पोचत नाही. म्हणून स्नायू ढिला पडतो. या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. तो होणारी बहुतेक बाळं सहा महिन्यांच्या आतली असतात, पण सुरक्षित सीमा म्हणून वर्षभर मध नको असं सांगतात.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड: "आम्ही सगळी मध चाटूनच वाढलो." खरं आहे, बहुतेक मुलांना काहीच होत नाही. पण बाळांच्या आतड्यात होणारा हा आजार ओळखला गेला तोच १९७६ साली, कॅलिफोर्नियात. त्याआधी एखादं तान्हं मूल ढिलं पडून, दूध सोडून गेलं तर त्याला हे नाव द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. जी वाचली ती आज "आम्हाला काही झालं नाही" असं सांगायला आहेत. हे मी आजींना तोंडावर म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका.

तुमच्या मुलीकडे काय बघायचं ते आता सांगते. बीजाणू पोटात गेल्यापासून त्रास दिसायला साधारण ३ ते ३० दिवस लागतात. परवा मध दिला असेल तर त्या दिवसापासून महिनाभराची खूण कॅलेंडरवर करा. पहिलं लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठ असतं. पण इथे गोंधळ होतो, कारण फक्त अंगावर पिणारं बाळ दोन महिन्यांचं झालं की चार-पाच दिवस शी न करणं अगदी नेहमीचं असतं. पोट मऊ असेल, दूध जोरात ओढत असेल आणि केली तेव्हा शी पातळसर असेल, तर ते दुखणं नव्हे. नुसत्या शीवर जाऊ नका, ताकदीवर जा. विषाचा परिणाम वरून खाली उतरतो: आधी चेहरा आणि घसा, मग मान, मग हातपाय. पापण्या अर्ध्या मिटलेल्या दिसतात. बाळ ओळखीचं हसायला लागलेलं असतं ते थांबतं, चेहरा कोरा वाटतो. स्तन तोंडात घेतं पण ओढ नसते, दूध ओठाच्या कडेने गळतं. रडणं बारीक होतं, शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. खांद्यावर घेतल्यावर मान आधी सावरायची, ती लुळी पडते. ताप सहसा नसतो, म्हणून घरचे "थकलं असेल" म्हणत एक-दोन दिवस घालवतात.

यातलं ओढ कमी होणं किंवा मान पडणं दिसलं तर रात्र आहे की दिवस ते बघू नका, थेट लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात न्या. धोका श्वासाच्या स्नायूंना असतो. तिथे पहिल्या वाक्यात सांगा: "अमुक तारखेला मध चाटवला होता." आजीला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. हे कळलं नाही तर डॉक्टर साहजिकच रक्तातला जंतुसंसर्ग समजून उपचार सुरू करतात, आणि त्यात नेहमी वापरलं जाणारं जेंटामायसिन या आजारात स्नायूंचा ढिलेपणा वाढवू शकतं. वेळेवर श्वासाला आधार मिळाला तर बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात, पण नसांची टोकं नव्याने फुटायला आठवडे, कधी महिने लागतात.

आता ग्राइप वॉटर. हे मूळ इंग्लंडमधलं, विल्यम वुडवर्ड या नॉटिंगहॅमच्या औषधविक्रेत्याचं, १८५१ सालचं. शेपाचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि चक्क दारू! दारू नंतर काढली गेली. तिथल्या दारूविरहित बाटलीच्या लेबलवर ५ मिलीत ५२.५ मिलिग्रॅम सोडा आणि २.३ मिलिग्रॅम शेपाचं तेल लिहिलेलं असतं. सोडा पोटातल्या आम्लाशी मिळाला की वायू होतो. हिशेब केला तर एवढ्या सोड्यापासून जास्तीत जास्त १५ मिलीच्या आसपास वायू निघेल. म्हणजे पोटातला गॅस काढायला आपण तीन चमचे गॅस आणखी आत सोडतो. बाळ ढेकर देतं आणि घरात सगळे खूश.

"पण दिल्याबरोबर शांत होते हो!" होते, कारण गोड आहे. तान्ह्या बाळाला सुई टोचायच्या आधी जिभेवर साखरपाण्याचा थेंब देतात, तोच हा परिणाम. शेपाचं तेल अर्ध्या मिनिटात आतड्यात पोचत नाही. शिवाय बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. नवव्या आठवड्यात सुरू केलेली कुठलीही बाटली गुणकारीच ठरणार.

"हर्बल" लिहिलेल्या बाटलीत सोड्याच्या जोडीला किंवा सोड्याऐवजी शेपा, बडीशेप, ओवा, सुंठ, पुदिना यांचे अर्क असतात. लेबलवर नावं संस्कृत असतात म्हणून लोक गोंधळतात. शतपुष्पा म्हणजे आपल्या बाळंतशेपा, मिश्रेया म्हणजे बडीशेप, यवानी म्हणजे ओवा, शुंठी म्हणजे सुंठ. सर्जिकाक्षार असं भारदस्त नाव दिसलं तर तो सोडाच. तुमच्यासाठी महत्त्वाचे शब्द दोन: "यष्टिमधु" म्हणजे ज्येष्ठमध, ती मुळी आहे, तिचा मधाशी संबंध नाही. पण नुसतं "मधु" लिहिलं असेल तर तो मध, आणि ती बाटली परत करा. "वनस्पतीचं आहे, मध कुठे असणार" असं गृहीत धरू नका. सुवर्णप्राशनाच्या थेंबांतही मध आणि तूप असतं, पुष्य नक्षत्राला मुलीला नेणार असाल तर आधी विचारा.

बारीक अक्षरांत पुढे साखर किंवा सॉर्बिटॉल, आणि सोडियम बेंझोएट किंवा पॅराबेनसारखे टिकवणारे पदार्थ असतात. ते लागतातच, कारण गोड पाण्याची उघडी बाटली जंतूंना आयती मिळते. २००७ साली अमेरिकेत अशाच एका हर्बल ग्राइप वॉटरमध्ये जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सापडला होता. ते घेतलेलं एक बाळ सहा आठवड्यांचं होतं. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर "नको" असं आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, एवढंच. विकायला माझ्या फडताळात बाटल्या आहेत हे कबूल करते. कुणी मागितली तर देते, पण बाळाचं वय विचारल्याशिवाय नाही. दूध पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरणं कंटाळवाणं असतं, पण ढेकर त्यानेही येतो.

गुटीचं म्हणाल तर सासूबाईंशी त्यावरून वेगळं भांडण उकरू नका, डॉक्टरांनाच एकदा दोघींसमोर विचारा. मध गेला की निम्मी काळजी गेली. आणि ती सुरगाण्याची बरणी टाकून देऊ नका. झाकण घट्ट लावा, वर मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख लिहा आणि फडताळात मागे ठेवून द्या. पहिलं बोट सासूबाईंनाच चाटवू द्या.