नकाशा सापडलाय, पैसे मात्र सापडलेले नाहीत

आदरणीय सर,
सांगलीत विश्रामबागच्या पुढे आमचा 20 बाय 40 फुटांचा एनए प्लॉट आहे, रो-हाउस पद्धतीचा. आर्किटेक्ट मॅडमनी तीन नकाशे दिलेत. मला वाटतं, दोन मजले एकदमच बांधावेत आणि वरचा 6,000 रुपये भाड्याने द्यावा. मिस्टर म्हणतात, सध्या खालचाच. दोघांचा मिळून पगार 52,000. बँक 18 लाख द्यायला तयार आहे. शिल्लक 2 लाख, आणि पॉलिसीचे 5 लाख पुढच्या वर्षी मिळतील असं एजंट काकांनी सांगितलंय. कागद सोबत जोडलेत. कोणता नकाशा घ्यावा?
— एक वाचक, सांगली

तुमच्या मॅडमचा तिसरा नकाशा घ्या. तो का, ते पुढे लिहितो. पण आधी पॉलिसीचं बघू, कारण तुमच्या घराचा दुसरा मजला त्या 5 लाखांवर उभा आहे आणि ते 5 लाख अस्तित्वात नाहीत.

जोडलेला कागद नीट वाचा. मुदत 16 वर्षं, हप्ता 10 वर्षं, वर्षाला 1,20,000, मूळ विमा रक्कम 12 लाख. तुम्ही तीन हप्ते, म्हणजे 3,60,000 भरलेत. 'पाच वर्षांनी पैसे काढता येतात' हे वाक्य युलिपचं, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या विम्याचं आहे; तुमची पॉलिसी पारंपरिक एन्डोमेंट, म्हणजे मुदत संपल्यावर पैसे देणारी आहे. आज मोडली तर हमीची सरेंडर किंमत भरलेल्या हप्त्यांच्या 35 टक्के, म्हणजे सुमारे सव्वा लाख. काकांनी 5 लाखांचा आकडा कुठून काढला ते काकांनाच विचारा, कागदात तो नाही. कागदातल्या जास्त आशावादी रकान्याप्रमाणे सगळं सुरळीत झालं तरी सोळाव्या वर्षी 21 लाख मिळतात. हिशेब केला तर तो परतावा जेमतेम 5 टक्के पडतो. आणि तुम्ही साडेआठ टक्क्यांचं कर्ज काढायला निघालात.

महिन्याला 10,000 रुपये त्या हप्त्यात जातात, म्हणजे पगाराचा जवळपास पाचवा भाग. आता घराकडे या.

पहिला नकाशा: पुढे साडेसात आणि मागे पाच फूट सोडून उरलेली 20 बाय 27.5 ची सगळी जागा भरायची, दोन्ही मजल्यांवर. खाली 550, वर 550, मिळून 1,100 चौरस फूट. प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते एफएसआय सांगतो; 800 फुटांच्या प्लॉटला 1.1 चा मूळ एफएसआय धरला तर 880 फूट होतात, त्यापुढच्या क्षेत्रासाठी महापालिकेला अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क भरावं लागेल. ठेकेदाराचा 1,900 चा दर धरला तर बांधकामच 21 लाखांच्या आसपास. कंपाउंड, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, वीजमीटर, फी आणि अधिमूल्य धरून 25 लाख समजा. हा दर स्लॅबच्या क्षेत्रावर आहे, वापरायच्या फुटांवर नाही, हेही ठेकेदाराकडून लिहून घ्या. बँकेचे 18 वजा केले तर तुमचे 7 लाख हवेत. तुमच्याकडे 2 आहेत.

इथेच बहुतेक जोडपी अडकतात. घरबांधणीचं कर्ज एकरकमी हातात पडत नाही. आधी तुमचा वाटा खर्च करायचा, मग जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब झाला की दुसरा, वीटकाम, गिलावा, असे टप्पे. बँकेचा माणूस येऊन काम बघतो. तुमचा वाटा मधेच संपला तर पुढचा टप्पा पूर्ण होत नाही आणि बँक पैसे सोडत नाही. घर अर्धवट, आणि व्याज मात्र सुरू.

भाड्याचंही बघा. वरच्या मजल्याचा वाटा सगळं धरून 11 लाख. त्याचा वीस वर्षांचा हप्ता साडेनऊ हजार, भाडं सहा हजार, तेही वर्षातले अकरा महिने. रंग, दुरुस्ती, घरपट्टी काढून हाती 60,000 राहतात, म्हणजे साडेपाच टक्के. साडेआठने कर्ज काढून साडेपाच कमवायचं, याला गुंतवणूक म्हणत नाहीत.

मिस्टरांना आवडलेला दुसरा नकाशा स्वस्त आहे, पण त्यात जिना हॉलमध्ये आहे. उद्या वर बांधलं तर भाडेकरू तुमच्या हॉलमधून ये-जा करणार. शिवाय दोन्ही बाजूंना शेजारच्या भिंती असल्यामुळे उजेड फक्त पुढून आणि मागून येतो. मधलं स्वयंपाकघर दिवसाही अंधारं राहील आणि फोडणीचा धूर घरभर फिरेल.

तिसऱ्यात मॅडमनी दोन्ही गोष्टी सोडवल्यात. मधे 5 बाय 6 चा उघडा चौक ठेवलाय, त्यावर स्लॅब नाही. त्यामुळे स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्हींना उजेड-वारा मिळतो. 30 फूट गेल्यासारखे वाटतात, पण हे 30 फूट वाचवायला जाऊ नका. जिना पुढच्या कोपऱ्यात, स्वतंत्र दारासह. तीन फूट रुंदीच्या दोन ओळींच्या जिन्याला सुमारे 70 फूट लागतात, ते आता द्यायचेच आहेत, म्हणून नंतर स्लॅब फोडावा लागत नाही. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर असं 520 फुटांत बसतं. खर्च 10 लाख, वर मजला घेता येईल एवढा पाया आणि कॉलम केल्याचे साधारण 80,000, बाहेरची कामं अडीच लाख. एकूण जवळपास साडेतेरा लाख.

आता क्रम. सगळ्यात आधी कमावत्या दोघांचा टर्म विमा घ्या, मिस्टरांचा किमान 1 कोटीचा. तिशीत वर्षाला 12 ते 15 हजार लागतात. प्रस्ताव मंजूर होऊन पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा पुढचा हप्ता थांबवा, आधी नको. मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आजची विशेष सरेंडर किंमत, म्हणजे आज मोडल्यास कंपनी प्रत्यक्षात देईल ती रक्कम, आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर मिळणारी रक्कम. पेड-अपचा अंदाज 12 लाखांचे तीन दशांश, म्हणजे 3.6 लाख. सरेंडर किंमत दीड लाखाच्या खाली आली तर पेड-अप ठेवा; कारण उरलेल्या तेरा वर्षांत त्यातून सात टक्क्यांच्या वर पडतं. दोन लाखांच्या आसपास आली तर मोडा आणि कर्ज तेवढं कमी घ्या. भरलेले 3.6 लाख 'वाया जातील' म्हणून आणखी सात हप्ते भरू नका.

वाचलेल्या 10,000 मधून टर्मचा हप्ता वजा करून दहा महिन्यांत सुमारे 80,000 साठतील. शिल्लक 2.8 लाख, त्यातले अडीच घरात. कर्ज 11 लाख, हप्ता साडेनऊ हजार, म्हणजे आजच्या पॉलिसीच्या हप्त्याएवढाच. बांधकामाच्या आठेक महिन्यांत घरभाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरावं लागेल, त्याची तयारी ठेवा. पावसाळा संपल्यावर पाया खणायला घ्या.

मॅडमना एकच विचारा: स्लॅबच्या वर सोडलेल्या कॉलमच्या सळया कशा झाकणार? त्या उघड्या राहिल्या तर चार पावसाळ्यांत गंजतात आणि वरचा मजला काढताना तोडून नव्याने जोडाव्या लागतात. त्यांच्याभोवती हलकं काँक्रीट ओतून ठेवायचं, पुढे ते फोडून सळया मोकळ्या करता येतात. हे काम ठेकेदाराच्या कागदावर वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या, नाहीतर 'ते आमच्यात नव्हतं' हे उत्तर ठरलेलं असतं.