पोटाच्या ऑपरेशननंतर पेजेसोबत काय द्यावं?

आईचं पोटाचं ऑपरेशन झालंय, वजन ५० किलो. नुसती पेजच द्यायची का? काकू म्हणतात, मासे दिले तर टाके पिकतील.

डॉक्टरांनी मऊ जेवण सुरू करायला सांगितलं असेल तर मासे बिनधास्त द्या. टाके पिकतात ते जंतूंमुळे. पेजेत प्रथिनं जेमतेम, आणि जखम भरायला लागतात तीच. किलोमागे किमान १.२ ग्रॅम धरा, म्हणजे आईंना दिवसाला ६० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

मुडदुशी मिळाली तर उत्तम. हळद, मीठ, एखादं आमसूल घालून पाण्यात मंद शिजवायची, काटे काढून मऊभातात कुस्करायची. तिखट-तेल नको. काटे काढलेल्या १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, दोन वेळा दिली की ३६. दोन उकडलेल्या अंड्यांची १२, मुगाच्या घट्ट वरणाची ७, वाटीभर दह्याची ५. झाले साठ! ओले बोंबील मऊ खरे, पण त्यांत पाणीच फार.

हे सगळं पाच-सहा वेळांत थोडं थोडं द्या. पोट फुगलं, उलट्या झाल्या, वारा सरेना, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर जेवण थांबवून लगेच सर्जनना दाखवा.